वर्गमित्रांच्या शेऱ्यांना उत्तर कसं लिहावं: साध्या लंबकाच्या अहवालाचं उदाहरण

प्रॅक्टिकलचा मसुदा अहवाल वर्गातल्या तिघांनी वाचून शेरे दिले आणि आता प्रत्येक शेऱ्याला लेखी उत्तर द्यायचं आहे, तर पहिल्या शेऱ्यापासून लगेच उत्तरं लिहायला बसू नका. आधी सगळे शेरे एकदा सलग वाचा. अहवालात एकच चूक असली तरी ती दोन जणांना दोन वेगळ्या ठिकाणी दिसते आणि ते दोन वेगळे उपाय सुचवतात. यातला एक उपाय बरोबर आणि दुसरा चुकीचा असू शकतो. सुटी सुटी उत्तरं दिली तर दोन्ही उपाय अहवालात जातात आणि अहवाल आधीपेक्षा बिघडतो.

हे नीट समजायला एक प्रयोग घेऊ. साध्या लंबकाने गुरुत्व त्वरण g काढायचं, बहुतेकांनी केलेला. मसुद्यात पाच लांब्या आहेत, प्रत्येक लांबीला २० दोलनांचा वेळ तीनदा मोजून सरासरी घेतली आहे.

| दोऱ्याची लांबी (मी) | २० दोलनांचा वेळ (से) | T (से) | T² (से²) |
|---|---|---|---|
| ०.४०० | २५.९ | १.२९५ | १.६७७ |
| ०.५५० | ३०.२ | १.५१० | २.२८० |
| ०.७०० | ३३.९ | १.६९५ | २.८७३ |
| ०.८५० | ३७.४ | १.८७० | ३.४९७ |
| १.००० | ४०.४ | २.०२० | ४.०८० |

T² विरुद्ध लांबी असा आलेख काढला, स्लोप ४.०१६ से²/मी आला आणि `g = 4π² / slope` या सूत्राने उत्तर लिहिलं: ९.८३०३ मी/से². त्यावर आलेले मुख्य शेरे असे:

वाचक १: "लांबी फक्त दोऱ्याची घेतली आहे, बॉबच्या मध्यापर्यंत घ्यायला हवी." "किती कोनातून सोडलं ते लिहिलेलं नाही."

वाचक २: "सूत्राप्रमाणे रेषा (०,०) मधून जायला पाहिजे, तुझी जात नाही. परत काढ." "८५ से.मी.चा बिंदू रेषेच्या बाहेर आहे, काढून टाक."

वाचक ३: "पुस्तकात ९.८१ आहे, फरक का आला ते लिही, हवेचा अडथळा वगैरे." "२० ऐवजी ५० दोलनं घ्यायला हवी होती." "निष्कर्ष अजून चांगला करता येईल."

पायरी पहिली: शेरे जसेच्या तसे उतरवा

चार रकान्यांचा तक्ता करा: क्रमांक, शेरा, उत्तर, अहवालात काय बदललं. शेरा उतरवताना त्याचे शब्द बदलू नका. "बिंदू काढून टाक" याचं "बिंदू तपास" केलं की उत्तर देणं सोपं जातं खरं, पण मग ते उत्तर त्या शेऱ्याला उरत नाही. एका वाक्यात दोन मागण्या असतील तर त्यांना ३अ आणि ३आ असे क्रमांक द्या, कारण पुष्कळदा अर्धी मागणी मान्य होते आणि अर्धी होत नाही.

प्रत्येक शेऱ्यात दोन गोष्टी असतात: वाचकाला काय दिसलं, आणि त्याने काय करायला सांगितलं. पेन्सिलने त्या वेगळ्या करून ठेवा. वाचक २ ला रेषा शून्यातून जात नाही असं दिसलं, ते खरं आहे. उपाय म्हणून त्याने रेषा परत काढायला सांगितली, त्याचा निर्णय अजून व्हायचा आहे. तसंच ८५ से.मी.च्या बिंदूचं. तो बाकीच्यांपेक्षा जास्त बाहेर आहे हे डोळ्यांना दिसतं, पण म्हणून तो काढावा का, हा निराळा प्रश्न. नम्रपणे असहमत होण्याचा पाया हाच आहे: दिसलेलं मान्य करायचं, आणि फक्त उपायाबद्दल बोलायचं.

पायरी दुसरी: कच्ची वही आणि आकडे समोर घ्या

कुठला शेरा मान्य करायचा हे अहवाल वाचून ठरत नाही, तुमचं मत किंवा देणाऱ्याची हुशारी पाहूनही नाही. ते कच्च्या वहीतल्या रीडिंगवरून ठरतं. वरच्या पाच आकड्यांसाठी स्प्रेडशीटमध्ये लांबी A2 ते A6 आणि T², तक्त्यातला गोल केलेला नाही तर T चा पूर्ण वर्ग, C2 ते C6 या घरांत भरा आणि हे लिहा:

```
=LINEST(C2:C6, A2:A6, TRUE, TRUE)
=LINEST(C2:C6, A2:A6, FALSE, TRUE)
```

पहिल्या ओळीत रेषा मोकळी सोडली आहे, दुसऱ्या ओळीतल्या `FALSE` मुळे ती शून्यातून जायला भाग पडते. उत्तरातल्या वरच्या ओळीत स्लोप आणि इंटरसेप्ट मिळतात, त्याखालच्या ओळीत त्यांची अनिश्चितता. मोकळ्या रेषेचा स्लोप ४.०१६ ± ०.०२० आणि इंटरसेप्ट ०.०७० ± ०.०१५ से² येतो. म्हणजे g ९.८३ ± ०.०५. शून्यातून ओढलेल्या रेषेचा स्लोप ४.१०८ येतो आणि g उतरून ९.६१ होतो.

या आकड्यांवर निम्म्याहून अधिक उत्तरं उभी राहतात.

पायरी तिसरी: जोडलेले शेरे एकत्र सोडवा

वाचक १ चा लांबीचा शेरा आणि वाचक २ चा शून्याचा शेरा ही एकाच चुकीची दोन टोकं आहेत. दोरा स्टँडच्या कडेपासून बॉबच्या हुकाच्या वरच्या टोकापर्यंत मोजला आणि पुढचं राहून गेलं. खरी लांबी दर वेळी ठरावीक अंतराने जास्त होती. सगळ्या लांब्यांत सारखीच उणीव असेल तर आलेखाची रेषा पूर्णच्या पूर्ण बाजूला सरकते, तिचा उतार बदलत नाही. इंटरसेप्टला स्लोपने भागलं की ते राहिलेलं अंतर मिळतं: ०.०७० भागिले ४.०१६, म्हणजे सुमारे १.७५ से.मी.

आता प्रयोगशाळेत जाऊन तोच बॉब व्हर्नियरने मोजा. पेटीत पितळी, लोखंडी, लहान, मोठे असे बरेच बॉब असतात, म्हणून आपला नेमका कोणता होता ते वहीतल्या नोंदीवरून पक्कं करा. समजा व्यास २.४ से.मी. आणि हूक ०.३ से.मी. भरलं, तर त्रिज्या १.२ अधिक हूक ०.३ मिळून १.५ से.मी. आलेख सुमारे ०.४ से.मी.च्या अनिश्चिततेसह १.७५ सांगतो, म्हणजे दोन्हींचा मेळ बसतो. हे माप वहीत आजच्या तारखेने लिहा. जुन्या पानावर जागा शोधून ते आत घुसवू नका, ते त्या दिवशी घेतलेलं नव्हतं.

दुरुस्तीनंतर लांब्या ०.४१५, ०.५६५ अशा होतात, इंटरसेप्ट ०.०१० ± ०.०१५ वर येतो, म्हणजे शून्यापासून वेगळा सांगता येत नाही. स्लोप मात्र तोच राहतो आणि g सुद्धा ९.८३ च. नवशिक्याचा गोंधळ नेमका इथे होतो. शेरा मान्य केला म्हणजे उत्तर बदललंच पाहिजे असं वाटतं, आणि बदललं नाही म्हणून शेरा फालतू होता असं वाटतं. दोन्ही खरं नाही. g आलेखाऐवजी एकेका रीडिंगवरून काढला असता तर फरक उघड दिसला असता: जुन्या लांबीने ४० से.मी.ला ९.४२ आणि १०० से.मी.ला ९.६८ येतं, नव्या लांबीने तेच ९.७७ आणि ९.८२. उत्तरात हे सांगायलाच हवं, कारण वाचक १ नवा आलेख उघडून "g तर तोच आहे, मग माझं ऐकलं की नाही?" असं विचारणार.

वाचक १ ला उत्तर असं लिहिता येईल:

> शेरा १अ मान्य. दोऱ्याची लांबी हुकाच्या वरच्या टोकापर्यंतच घेतली होती. बॉबची त्रिज्या (१.२ से.मी.) आणि हूक (०.३ से.मी.) मिळवून तक्ता १ मधल्या पाचही लांब्या दुरुस्त केल्या, आकृती २ नव्याने काढली. बॉबचं माप प्रयोगानंतर घेतलं आहे, तशी नोंद कृतीत केली. उणीव सगळ्या लांब्यांत सारखी असल्यामुळे स्लोप आणि g बदलले नाहीत, इंटरसेप्ट ०.०७० वरून ०.०१० से² वर आला.

वाचक २ चं उत्तर याच्या आधारावर उभं राहतं, म्हणून ते नंतर लिहा:

> शेरा २अ: रेषा शून्यातून जात नव्हती हे बरोबर आहे, आणि त्यामुळेच लांबीतली चूक पक्की करता आली (पाहा १अ). रेषा (०,०) मधून ओढलेली मात्र नाही. मूळ आकड्यांवर तसं केलं तर g ९.६१ येतो, कारण लांबीतली चूक स्लोपमध्ये शिरते. लांबी दुरुस्त केल्यावर मोकळी रेषाच शून्याजवळून जाते. इंटरसेप्ट आणि त्याची अनिश्चितता आता आकृती २ खाली दिली आहे.

या दुसऱ्या उत्तरात "पण" नाही, "तुला कळलं नाही" नाही, आणि वाचकाने जे टिपलं त्याचा उपयोग कुठे झाला तेही आहे. उत्तराचा सूर आभारांच्या शब्दांनी ठरत नाही, यानेच ठरतो. आभार एकदाच, सगळ्यात वर, एका ओळीत माना. प्रत्येक उत्तराआधी "आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल मनःपूर्वक आभार" लिहिलं की ते सत्कार समारंभासारखं वाटतं आणि पुढची असहमती उलट जास्त टोचते. वर्गातल्यांशी बोलताना तू म्हणता तर उत्तरातही "तू लिहिल्याप्रमाणे" चालतं. शिक्षकही तक्ता वाचणार असतील किंवा शेरे निनावी असतील तर वरच्यासारखी "शेरा मान्य, दुरुस्त केलं" अशी रचना सोयीची, कारण तिच्यात तू आणि तुम्ही हा प्रश्नच येत नाही.

पायरी चौथी: बिंदू काढायला सांगितला तर

हा शेरा जवळजवळ प्रत्येक अहवालावर येतो, आणि बहुतेक वेळा त्याला नाही म्हणावं लागतं. नाही म्हणायचं कारण मात्र बरोबर द्यायला हवं.

८५ से.मी.चा बिंदू रेषेपासून T² मध्ये ०.०१३ ने वर आहे. हा आकडा स्टॉपवॉचच्या भाषेत आणा. T² मधला फरक भागिले दुप्पट T म्हणजे T मधला फरक: ०.०१३ भागिले ३.७४, साधारण ०.००३५ सेकंद. २० दोलनांत तो ०.०७ सेकंद होतो. हाताने स्टॉपवॉच चालू-बंद करताना एक दशांश सेकंदाची चूक सहज होते, तेव्हा या बिंदूत वेगळं काही घडलं असं म्हणायला आधार नाही. वहीत त्या रीडिंगसमोर "दोरा सरकला" किंवा "मोजणी चुकली" अशी त्याच वेळची नोंद असती तर तो बिंदू वगळता आला असता, कारणासह आणि मूळ रीडिंग तक्त्यात ठेवून.

मोजणीत एक दोलन कमी-जास्त झालं असेल तर ते असं लपत नाही, हेही ध्यानात ठेवा. ८५ से.मी.ला एक दोलन चुकलं की वेळेत जवळपास १.९ सेकंदांचा फरक पडतो. ०.०७ सेकंद ही मोजणीची चूक असूच शकत नाही.

एक मोह इथे टाळायचा. बिंदू काढून पाहिला तर g ९.८६ होतो, पुस्तकी किमतीपासून आणखी लांब जातो. "बघ, काढल्यावर उत्तर बिघडतं" असं लिहावंसं वाटतं. लिहू नका. उत्तर सुधारलं असतं तर बिंदू काढला असता का? ज्या कारणाने उद्या उलटा निर्णय घ्यावा लागेल ते कारण आज वापरता येत नाही. कारण स्टॉपवॉचचंच द्या:

> शेरा २आ: हा बिंदू बाकीच्यांपेक्षा रेषेपासून जास्त दूर आहे, मान्य. वेळेत पाहिलं तर हा फरक २० दोलनांमागे ०.०७ सेकंदांचा आहे, तो हाताने वेळ घेण्याच्या चुकीइतकाच आहे. वहीत त्या रीडिंगबद्दल वेगळी नोंद नाही. म्हणून बिंदू ठेवला आहे. तिन्ही सुटी रीडिंग आता तक्ता १ मध्ये दिली आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः पाहता येईल.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. सूचना नाकारली तरी वाचकाला जी शंका आली ती दुसऱ्यालाही येणार, म्हणून अहवालात काहीतरी भर पडलीच पाहिजे. "सहमत नाही" असं लिहून चौथा रकाना रिकामा राहिला असेल तर ते उत्तर परत वाचा.

पायरी पाचवी: पुस्तकातली किंमत आणि "फरकाची कारणं"

वाचक ३ ला वाटतं की ९.८१ पासूनच्या फरकाचं कारण लिहायला हवं. इथे दोन गोष्टी शांतपणे सांगायच्या. पहिली, तुलना कशाशी करायची. g सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्ताजवळ तो सुमारे ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ असतो. ९.८०६६५ ही ठरवून घेतलेली प्रमाण किंमत आहे. महाराष्ट्रात g ९.७८ ते ९.७९ च्या आसपास असतो, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या अहवालात तुलना ९.७९ शी करणं रास्त. पण ही दुरुस्ती करताना फरक ०.०२ वरून ०.०४ होतो, वाढतो. होऊ द्या. जवळची वाटते म्हणून ९.८१ ठेवणं म्हणजे बिंदू काढण्याचाच दुसरा प्रकार.

दुसरी गोष्ट: ९.८३ ± ०.०५ मध्ये ९.७९ बसतं. जो फरक अनिश्चिततेच्या आत आहे त्याला वेगळं कारण शोधायची गरज नसते, आणि शोधलं तर बहुधा चुकीचं सापडतं. हवेच्या अडथळ्याचंच घ्या. हवेमुळे दोलनकाल किंचित वाढतो, म्हणजे g कमी दिसायला हवा. इथे तो जास्त आला आहे. अहवालांत हे वाक्य सवयीने उतरवलं जातं आणि दिशा कोणी तपासत नाही. उत्तरात एवढं पुरे:

> शेरा ३अ अंशतः मान्य. तुलनेची किंमत आणि अनिश्चितता मसुद्यात नव्हती, ती घातली: g = ९.८३ ± ०.०५, तुलना स्थानिक ९.७९ शी. फरक अनिश्चिततेच्या आत आहे. हवेचा अडथळा कारण म्हणून लिहिलेला नाही, कारण त्याने g कमी आला असता.

इथेच ९.८३०३ चं ९.८३ करून टाका. शेवटचे दोन अंक कोणी दाखवले नसले तरी ± ०.०५ लिहिल्यावर त्यांना अर्थ राहत नाही.

पायरी सहावी: किरकोळ वाटणारा शेरा

कोनाचा शेरा वाचून पहिलं उत्तर सुचतं ते "कोन लहान होता, फरक पडत नाही". ते लिहिण्याआधी आकडा काढा. दोलनकाल कोनामुळे साधारण `θ²/16` या प्रमाणात वाढतो, कोन रेडियनमध्ये. ५ अंशांना ही वाढ ०.०५ टक्के, १० अंशांना ०.१९ टक्के. एवढ्यावर थांबलात तर शेरा खरंच किरकोळ वाटेल.

पण लंबक सोडला कसा? बहुतेक जण कोन मोजत नाहीत, बॉब अंदाजे १० से.मी. बाजूला ओढून सोडतात, लांबी कितीही असो. १०० से.मी.च्या दोऱ्याला हा कोन ६ अंशांहून कमी, ४० से.मी.च्या दोऱ्याला तोच जवळपास १४ अंश. म्हणजे आखूड लंबकाचा वेळ जास्त फुगतो, लांब लंबकाचा कमी, आणि रेषेचा स्लोप उतरतो. या पाच लांब्यांसाठी हिशेब केला तर g जास्तीत जास्त ०.०३ ने वर जातो. जास्तीत जास्त अशासाठी की २० दोलनं होईपर्यंत झोका लहान होत जातो. ९.८३ हे ९.७९ च्या वर आहे आणि हा परिणामही वरच ढकलतो, म्हणून हवेच्या अडथळ्यासारखा तो दिशेवरून बाद होत नाही.

तरीही हे फरकाचं कारण म्हणून ठामपणे लिहिता येणार नाही, कारण किती ओढलं होतं ते वहीत नाही. उत्तर बाहेर चांगलं दिसावं म्हणून "कोन ५ अंशांपेक्षा कमी ठेवला" असं आता लिहिणं म्हणजे न घेतलेलं रीडिंग लिहिणं. जे आहे ते लिहा:

> शेरा १आ मान्य. कोन नोंदवला नव्हता, त्यामुळे आता आकडा देता येत नाही. दर वेळी सुमारे १० से.मी. ओढलं असं धरलं तर g जास्तीत जास्त ०.०३ ने वाढलेला असू शकतो. हे चर्चेत मर्यादा म्हणून लिहिलं आहे, g मध्ये दुरुस्ती केलेली नाही.

सगळ्या शेऱ्यांत हा सर्वात मोलाचा निघाला, आणि तो एका ओळीचा होता. लांबलचक शेऱ्यांना लांबलचक उत्तरं आणि छोट्यांना "ठीक" असं वाटप करू नका.

बाकीचे दोन

५० दोलनांची सूचना बरोबर आहे: ४० से.मी.ला ०.१ सेकंदाची चूक २० दोलनांत ०.३९ टक्के आणि ५० दोलनांत ०.१५ टक्के होते. पण रीडिंग झालेली आहेत. प्रयोगशाळेत परत वेळ मिळत नसेल तर "मान्य, दुरुस्त केलं" असं लिहू नका, काहीच दुरुस्त झालेलं नाही. "सूचना योग्य आहे, या अहवालात रीडिंग परत घेतलेली नाहीत, सुधारणांमध्ये हे आकड्यासह लिहिलं" इतकं लिहा. अर्धा तास मिळालाच तर पाचही लांब्या परत करण्याच्या फंदात न पडता फक्त ४० से.मी.ची ५० दोलनं घ्या, सर्वात जास्त चूक तिथेच आहे. या वेळी ओढलेलं अंतरही नोंदवा.

"निष्कर्ष अजून चांगला करता येईल" या शेऱ्याला काय उत्तर द्यायचं हे कळत नसेल तर वाचकालाच विचारा, आणि विचारताना पर्याय द्या: "निष्कर्षात किंमत नाही म्हणून अपुरा वाटतो, की उद्दिष्टाशी जोडलेला नाही म्हणून?" नुसतं "म्हणजे काय?" विचारलं तर उत्तर बहुधा "असंच वाटलं" येतं. वेळेत उत्तर आलं नाही तर आपण काय अर्थ लावला ते लिहून त्याप्रमाणे बदल करा: "निष्कर्षात g ची किंमत, अनिश्चितता आणि स्थानिक किमतीशी तुलना नव्हती असं समजून ती भर घातली."

देण्याआधी

चौथा रकाना एकेक करून अहवालाशी पडताळा. तक्ता १ दुरुस्त केला म्हटलं आहे तर तो उघडा. "आकृती २ खाली" म्हटलं आहे तर आकृतीचा क्रमांक तोच राहिला आहे का पाहा, मध्ये नवी आकृती आली की तो सरकतो. लांबी बदलली की आलेखाच्या आडव्या अक्षाचं नावही बदलतं, "दोऱ्याची लांबी" ऐवजी "लंबकाची लांबी", आणि कृतीतलं "दोरा हुकापर्यंत मोजला" हे वाक्यही. मग फाइलमध्ये ९.८३०३ हा आकडा शोधा. तो हमखास सारांशात राहिलेला असतो, कारण सारांशावर कोणीच शेरा दिलेला नसतो.